बदाम सात : नजर अधू झाली तरी जमणारा डाव

बदाम सात या पत्त्यांच्या खेळात घाई लागत नाही. झटकन हात मारायचा नसतो आणि कोणते पत्ते पडून गेले हेही लक्षात ठेवावे लागत नाही, कारण पडलेला प्रत्येक पत्ता रांगेत लागलेलाच असतो. हात मंदावलेल्या, नजर अधू झालेल्या आजी-आजोबांना हा खेळ इतर अनेक खेळांपेक्षा अधिक मानवतो तो यामुळेच.

52 पत्ते सर्वांना वाटून टाकायचे. ज्याच्याकडे बदाम सत्ती असेल त्याने ती खाली ठेवून डाव सुरू करायचा. नंतर प्रत्येकाने आपल्या पाळीला एक पत्ता लावायचा. तो लागलेल्या रांगेच्या खालचा किंवा वरचा असतो, नाहीतर नव्या रंगाची सत्ती असते. खाली एक्क्यापर्यंत आणि वर राजापर्यंत रांग वाढते. लावण्याजोगा पत्ता नसेल तर पाळी सोडायची. ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला.

नजर कमी असणाऱ्यांसाठी मांडणीत एक बदल करावा. पत्ते लांब पसरण्याऐवजी प्रत्येक रंगाची सत्ती मधे ठेवून तिच्या एका बाजूला उतरत्या आणि दुसऱ्या बाजूला चढत्या पत्त्यांची गड्डी करावी. मग रंगाचे तीनच पत्ते वर दिसतात आणि सगळा डाव भरला तरी पाहायचे पत्ते बारापेक्षा जास्त होत नाहीत. चार रंगांच्या जागाही ठरलेल्या असाव्यात. बदाम नेहमी जवळ, इस्पिक नेहमी लांब, असे काही दिवस पाळले की हात जागा ओळखू लागतो.

खरी अडचण रंग ओळखण्याची असते. इस्पिक आणि किलवर दोन्ही काळे, बदाम आणि चौकट दोन्ही लाल, आणि नेहमीच्या जोडातली कोपऱ्यातली खूण अगदी बारीक. म्हणून मोठ्या आकड्यांचा जोड घ्यावा. चार रंगांना चार वेगळ्या शाईत छापलेला मिळाला तर आणखी बरे. त्याबरोबरच पत्ता टाकताना प्रत्येकाने त्याचे नाव मोठ्याने घ्यावे : ‘इस्पिक नव्वी’, ‘चौकट गुलाम’. एवढ्या एका सवयीने डोळ्यांचे निम्मे काम कान करतात. वयाबरोबर बुबुळातली बाहुली लहान राहते आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते, त्यामुळे आत कमी प्रकाश पोचतो. दिवा खांद्यामागून पत्त्यांवर पडावा. समोरून आला तर गुळगुळीत पत्त्यांवर चकाकी येते, आणि मोतीबिंदू असेल तर तिचा फारच त्रास होतो. खाली गडद, एकरंगी, नक्षी नसलेली चादर असावी.

चौघांत प्रत्येकी तेरा पत्ते येतात. थरथरत्या हाताला ते पंख्यासारखे धरवत नाहीत. खाच पाडलेली लाकडी पट्टी त्यासाठी पुरते. कपडे घासायचा ब्रश उलटा ठेवून त्याच्या केसांत पत्ते उभे केले तरी चालते.

खेळ सोपा असला तरी त्यात विचाराला जागा आहे. समजा, बदामाची छक्की ते नव्वी लागली आहे, इस्पिकाची फक्त सत्ती, किलवरची सत्ती आणि अठ्ठी, चौकट अजून उघडलेली नाही. आजींकडे लागण्याजोगे पत्ते दोनच : इस्पिक अठ्ठी आणि चौकट सत्ती. हातात इस्पिकाचा राजाही आहे, चौकटीचा मात्र दुसरा पत्ता नाही. अशा वेळी अठ्ठी लावावी. राजापर्यंतची वाट त्याशिवाय मोकळी होणार नाही. सत्ती मात्र हातात ठेवली की इतरांची सगळी चौकट अडकून राहते. हे ठरवायला कितीही वेळ लागला तरी डावाचे काही बिघडत नाही.

बिघडते ते शेजारी बसलेल्या नातवंडाने ‘आजी, अठ्ठी टाक ना’ म्हणून पत्ता ओढला की. सुचवणे मागितल्यावरच करावे. लागण्याजोगा पत्ता हातात असूनही पाळी सुटत असेल, तर तो दिसला नाही असे समजून परत घेऊ द्यावा. अशा चुका वाढू लागल्या, डोळ्यांतून पाणी येऊ लागले किंवा पत्ता फार जवळ धरला जाऊ लागला, की डाव आवरावा.

सोबतीला कोणी नसेल तेव्हा पेशन्स लावता येतो. टॅबलेटवर खेळायचा असेल तर घड्याळ आणि गुण बंद करावेत, एकेक पत्ता उलटण्याचा प्रकार निवडावा आणि पत्ता ओढण्याऐवजी नुसता स्पर्श करून हलवता येईल असे अॅप घ्यावे. जाहिराती नसलेलेच घ्यावे, कारण त्या बंद करण्याची फुली फार बारीक असते. पेशन्सचा प्रत्येक डाव सुटतोच असे नाही, हे आजोबांना आधीच सांगून ठेवावे. काही डावांत पत्तेच असे पडतात की चूक न करताही ते अडतात.

सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या किंवा पत्त्याचा मधलाच भाग पुसट वाटू लागला, तर ते थकव्याचे लक्षण समजू नये. नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे.