कॉलर बोनच्या मागे लपलेलं कडं

आजच्या भागात आपण छातीच्या एक्स-रेमधल्या एका गोल कड्याबद्दल बोलणार आहोत. टीबीमुळे फुफ्फुसात पोकळी पडते, तिला कॅव्हिटी म्हणतात. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. निदान करणं हे माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण वॉर्डात फिल्म आधी आमच्या हातात येते, आणि ती बघता आली तर पुढची कामं वेळेवर होतात. ते बघणं मी कसं शिकले, तेच आज सांगते.

आधी पोकळी कशी होते ते बघू. टीबीचे जंतू जिथे मुक्काम ठोकतात तिथला फुफ्फुसाचा भाग मरतो आणि पनीरच्या चुऱ्यासारखा मऊ पांढरट होतो. हा चुरा पातळ झाला की जवळच्या श्वासनलिकेत फुटतो आणि खोकल्यावाटे बाहेर पडतो. त्याच्या जागी हवा शिरते. हवेत ऑक्सिजन असतो आणि या जंतूंना तो आवडतो, म्हणून पोकळीच्या भिंतीवर ते कोट्यवधींनी वाढतात. शिवाय ही पोकळी थेट श्वासनलिकेला जोडलेली! म्हणजे प्रत्येक खोकल्याबरोबर जंतू बाहेर. म्हणूनच कॅव्हिटी असलेल्या पेशंटकडून इतरांना संसर्ग होण्याची शक्यता जास्त असते.

एक्स-रेमध्ये हवा काळी दिसते आणि हाड पांढरं. म्हणून कॅव्हिटी म्हणजे आत काळं आणि भोवती पांढरट भिंत, असं कडं. ऐकायला किती सोपं! गोची अशी की मोठ्यांमधला टीबी बहुतेक वेळा फुफ्फुसाच्या वरच्या भागात असतो. नेमकं तिथेच कॉलर बोन आणि पहिल्या बरगड्या एकमेकांवर आलेल्या असतात. म्हणजे कडं पांढऱ्या हाडांच्या जाळीमागे लपतं.

आता केस ऐका. रिक्षा चालवणारे एक दादा, वय चौतीस. दीड महिन्यापासून खोकला, संध्याकाळी बारीक ताप, आणि पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलेला. फिल्म आली तेव्हा आमच्या ट्यूटर मॅडमनी ती व्ह्यू बॉक्सवर लावली आणि म्हणाल्या, "आजार नंतर शोधा. आधी सांगा, फिल्म बघण्यालायक आहे का?"

त्यांनी तीन गोष्टी तपासायला लावल्या. पहिली, पेशंटने पूर्ण श्वास घेतला होता का? पाठीकडच्या बरगड्या वरून मोजायच्या, पडद्याच्या वर नऊ-दहा दिसल्या तर ठीक. दुसरी, पेशंट सरळ उभा होता का? दोन्ही कॉलर बोनची आतली टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्याच अंतरावर हवीत. तिसरी, हृदयाच्या मागे मणके अंधुक दिसतात का? अजिबात दिसत नसतील तर फिल्म जास्त पांढरी आलीय, आणि खूपच ठळक दिसत असतील तर जास्त काळी. आणि हो, फिल्म बघताना पेशंट आपल्यासमोर उभा आहे असं समजायचं. आपल्या डाव्या हाताला त्याची उजवी बाजू.

दादांची फिल्म तिन्हीत पास झाली. मग मॅडम म्हणाल्या, "आता एका बाजूकडे बघत बसू नका. डाव्या-उजव्या जोड्या लावा." म्हणजे डावा वरचा कोपरा बघायचा, लगेच उजवा बघायचा. मग मधला भाग तसाच, मग खालचा. फुफ्फुसं दोन आहेत, हाच आपला फायदा. एका बाजूचं दुसऱ्या बाजूला तपासता येतं.

माझ्या मैत्रिणीने डावीकडे वर बोट ठेवलं. "मॅडम, इथे गोल आहे!" मॅडमनी तिला पेन्सिल दिली. "त्या गोलाच्या रेषेवरून फिरव. रेषा कुठे जाते?" पेन्सिल फिरत फिरत गोलातून बाहेर पडली आणि बरगडीच्या कडेने पुढे निघून गेली. म्हणजे तो गोल नव्हताच. बरगडी आणि कॉलर बोन एकमेकांना छेदतात तिथे तयार होणारा तो आभास होता. तसाच छेद उजवीकडेही होता.

मग उजवीकडे बघताना मला कॉलर बोनच्या अगदी मागे एक कमान दिसली. पेन्सिल फिरवली. ती हाडाच्या मागे गेली, खाली बाहेर आली आणि वळून पुन्हा सुरुवातीला पोचली. रेषा कुठल्याही बरगडीला जाऊन मिळाली नाही. डावीकडे तसं काही नव्हतं. कड्याची भिंत तीन-चार मिलिमीटर जाड, आतलं काळं साधारण तीन सेंटिमीटर. भोवती धुरकट डाग, आणि खाली बारीक पुसट ठिपके. मॅडम म्हणाल्या, "पोकळीतला माल श्वासनलिकेतून दुसरीकडे सांडला की असे ठिपके येतात." तरीही शंका असेल तर पेशंटला मागे झुकवून वेगळी फिल्म काढतात. त्यात कॉलर बोन वर सरकतं आणि फुफ्फुसाचं टोक मोकळं दिसतं.

आता महत्त्वाचं ऐका. कडं दिसलं म्हणजे टीबीच, असं नाही! केसासारखी बारीक भिंत असेल तर तो हवेचा फुगा, म्हणजे बुला, असू शकतो. आत पाण्याची आडवी सपाट रेषा दिसली तर फुफ्फुसातल्या पुवाच्या गळूचा विचार होतो. भिंत जाड आणि आतून ओबडधोबड असेल तर कॅन्सरचाही विचार करावा लागतो. आणि जुना, बरा झालेला टीबीही रिकामी पोकळी मागे ठेवून जातो. उलटही खरं आहे. प्रतिकारशक्ती खूप कमी झालेल्या एचआयव्हीच्या पेशंटला टीबी असूनही बऱ्याचदा कडं नसतं. म्हणून फिल्म फक्त संशय देते, पुरावा बेडक्यातच मिळतो.

इथून नर्सचं काम सुरू होतं. डॉक्टरांना कळवलं. दादांना सर्जिकल मास्क दिला, आम्ही एन-95 घातले, आणि त्यांना उघड्या खिडकीजवळच्या वेगळ्या खोलीत हलवलं. नमुन्याची डबी दिली तर त्यांनी फेसाळ, पाण्यासारखी लाळ आणून दिली. तिच्यात जंतू सापडायची शक्यता कमी, म्हणून मी समजावलं, "दादा, आधी साध्या पाण्याने चूळ भरा. दोनदा खोल श्वास घ्या, क्षणभर रोखा, मग पोटातून खोका. घशातली थुंकी नको, छातीतला बेडका हवा." हे सगळं बाहेर, मोकळ्या हवेत. या वेळी घट्ट, पिवळसर बेडका आला, दोन-तीन मिलिलिटर. दुसरा नमुना सकाळी उठल्या उठल्या घेतला.

सीबीनॅट मशीनवर साधारण दोन तासांत उत्तर मिळतं. टीबीचे जंतू आहेत, आणि रिफॅम्पिसिन या मुख्य औषधाला ते दाद देतात, असा रिपोर्ट आला. सहा महिन्यांची औषधं सुरू झाली. त्यांच्या बायकोला आणि मुलालाही तपासायला बोलावलं.

दोन महिन्यांनी बेडक्यात जंतू नव्हते, पण फिल्मवर कडं होतंच, थोडं लहान झालेलं. दादांनी विचारलं, "सिस्टर, औषधं लागू पडत नाहीयेत का?" मी म्हटलं, "पडतायत, दादा. मोडलेली भिंत भरायला वेळ लागतो, आणि कधी कधी व्रण कायमचा राहतो. पण सुरुवातीला कॅव्हिटी असली की टीबी परत उलटायचा धोका जास्त असतो. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत."