गोल कॉलरला चुणी पडते कशी? गोलाईवरच्या मायेचा साधा हिशोब

ईदच्या आधीच्या गर्दीत आमच्या हातून ४८ कुर्त्यांचा एक लॉट गेला आणि आठ दिवसांत त्यातले ४० परत आले. कापड चांगले, माप बरोबर, काज-बटण नीटनेटके. तक्रार एकच होती: "कॉलर बसत नाही." उभी गोल पट्टीची कॉलर, जिला बाजारात कोणी चायनीज कॉलर म्हणतात, तिच्याखाली गळ्याभोवती बारीक चुण्या होत्या आणि पुढच्या दोन्ही गोल टोकांना गाठ आल्यासारखा फुगवटा होता. व्यापाऱ्याने माल ठेवून घेतला नाही. मजुरी गेली, शिवाय ४० कॉलरी उसवून पुन्हा लावण्यात तीन कारागिरांचे दोन दिवस गेले.

उसवल्यावर दोष लगेच दिसला. टीप सरळ आणि सारखी होती, पण आतली माया जशीच्या तशी, चार सूत रुंद सोडलेली. घाई असल्यामुळे ती कुणी कमी केली नव्हती आणि गळ्याला जेमतेम सात-आठ काप दिले होते. त्या लॉटने जे शिकवले ते कारागीर बांधवांसमोर ठेवतो, कारण हा दोष बहुतेक ठिकाणी इस्त्रीच्या माथी मारला जातो आणि इस्त्रीने तो कधीच जात नाही.

प्रथम कारण समजून घेऊ. कागदावर एक गोल काढा; ही आपली शिलाईची रेघ. गळ्याची माया या गोलाच्या आतल्या बाजूला असते, म्हणून मायेची कड शिलाईपेक्षा आखूड असते. कॉलर जोडल्यावर हीच माया वर उभी राहून कॉलरच्या आत जाते, आणि तिथे तिला शिलाईइतकीच लांबी लागते. कड आखूड, जागा लांब. मग कापड ओढले जाते आणि ती ओढ कॉलरखाली चुणी होऊन बाहेर दिसते.

ही कड किती आखूड पडते याचा हिशोब सोपा आहे. पूर्ण गळ्याला ती मायेच्या सुमारे सव्वासहा पट कमी पडते. माया चार सूत असेल तर २५ सूत, म्हणजे तीन इंचांहून थोडी जास्त. माया दोन सूत असेल तर निम्मी, साधारण दीड इंच. म्हणून कात्रीचे पहिले काम काप देण्याचे नसून माया कमी करण्याचे आहे. नुसती माया निम्मी केली की निम्मी चुणी जन्मालाच येत नाही.

या हिशोबात आणखी एक गोष्ट आहे, जी पुष्कळ जुन्या कारागिरांनाही नवी वाटते. ही तूट गळ्याच्या मापावर अवलंबून नाही. सोळा इंची गळा असो की लहान मुलाचा अकरा इंची, माया सारखी असेल तर तूटही सारखीच. फरक इतकाच की मोठ्या गळ्यात ती सोळा इंचांवर वाटली जाते आणि मुलाच्या गळ्यात अकरा इंचांत कोंबली जाते. मुलांच्या कुर्त्याची कॉलर जास्त बिघडते ती यामुळे. तिथे काप जवळ-जवळ द्यावे लागतात.

आता काप. कड आखूड आहे, तिला उघडायला जागा हवी, म्हणून गळ्याच्या मायेला सरळ चिरा द्यायच्या. सोळा इंची गळ्याला दोन सूत माया ठेवून दर अर्ध्या इंचाला एक काप दिला तर सुमारे ३२ काप होतात आणि प्रत्येक काप अर्ध्या सुताहूनही कमी उघडतो. गोलाई गोलाईच राहते. त्याच गळ्याला आठच काप दिले तर प्रत्येकाला दीड सूत उघडावे लागते. मग दोन कापांमधला भाग सरळ राहतो, कापाच्या जागी मोड येते आणि गळा गोल न दिसता कोनेदार दिसतो. आमच्या त्या लॉटमध्ये तर माया चार सूत होती आणि काप सात-आठच, म्हणजे दोन्हीकडून मार बसला.

काप सगळीकडे सारखे लागत नाहीत. पाठीचा गळा मध्यभागी जवळपास सरळ असतो. तिथे इंचाला एक काप पुरतो. खांद्याच्या शिलाईपाशी आणि पुढच्या दोन्ही बाजूंना गोलाई आवळलेली असते. तिथे पाव ते अर्ध्या इंचावर काप हवा.

काप किती खोल द्यायचा यावर सगळे अवलंबून आहे. टिपेपासून अर्धे सूत अलीकडे कात्री थांबली पाहिजे. सूतभर अलीकडे थांबली तर कापाच्या तळाशी ओढ राहते आणि चुणी जात नाही. टीप कापली गेली तर भोक पडते, आणि मग एकच उपाय उरतो: नवी टीप थोडी आत मारायची, म्हणजे गळा वाढतो आणि कॉलर कमी पडते. हे टाळण्यासाठी कॉलर जोडण्याआधीच कुर्त्याच्या एकेरी गळ्याला, शिलाईच्या रेघेपासून अर्धे सूत मायेच्या बाजूला, एक आधाराची टीप मारून घ्यावी. तिचे दोन फायदे. गळ्याचा जो भाग उरेब पडतो तो हाताळताना ताणला जात नाही, आणि काप त्या टिपेपर्यंतच द्यायचा हे कारागिराला डोळ्यांनी दिसते. काप मग कॉलर जोडण्याआधीच द्यावेत. गळा उघडून कॉलरच्या सरळ कडेशी आपोआप जुळतो आणि मशीनखाली ओढाताण करावी लागत नाही. कॉलरपट्टीची खालची कड जवळपास सरळ असल्याने तिला कापांची गरज नसते.

कॉलरच्या पुढच्या गोल टोकाला मात्र सगळे उलटे आहे. तिथे माया गोलाईच्या बाहेर असते, म्हणजे तिची कड शिलाईपेक्षा लांब. कॉलर उलटवली की ही लांब कड आतल्या लहान जागेत जाते. इथे कापड कमी न पडता जास्त होते. सरळ काप दिला तर जादा कापडाच्या पाकळ्या एकमेकींवर चढतात आणि बाहेरून फुगवटा दिसतो. म्हणून इथे त्रिकोणी खाच मारून कापड काढून टाकायचे.

टोकाची गोलाई पाव वर्तुळाची धरली तर जादा कापड मायेच्या तिपटीहून थोडे जास्त भरते. आमच्या कुर्त्याचे टोक अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुतांच्या त्रिज्येचे होते आणि मायाही चार सूत. उलटवल्यावर ती सगळी कड एका बिंदूत येऊन पडत होती, साडेबारा सूत कापड आणि जागा शून्य! गाठ येणार नाही तर काय होणार? तेच टोक उसवून माया एक सुतावर आणली तेव्हा जादा कापड तीन सुतांवर आले. पॉपलिन किंवा पातळ कॉटनमध्ये इतके कापड खाच न मारताही दबून जाते. जाड सिल्क, ब्रोकेड किंवा जाड खादी असेल तर एक-एक सूत रुंदीच्या तीन खाचा पुरतात. खाच टिपेला अगदी भिडू देऊ नये, नाहीतर टोकाला बारीक मोडी येतात. एक सूत माया टिकावी म्हणून टोकाच्या गोलाईवर टीप बारीक ठेवावी, इंचाला चौदा-पंधरा टाके.

राहिला थरांचा प्रश्न. काप बरोबर, खाचा बरोबर, तरी इस्त्री केल्यावर कॉलरच्या कडेने आत एक उठाव रेघ दिसते. त्याचे कारण सगळ्या थरांची माया एकाच ठिकाणी संपते आणि तिथे पायरी तयार होते. उपाय म्हणजे थर पायरी-पायरीने कमी करणे. बक्रम शिलाईपर्यंत कापून टाकावे, त्याला माया नकोच. कॉलरच्या वरच्या कडेला बाहेरच्या पट्टीची माया दोन सूत आणि आतल्या पट्टीची एक सूत ठेवावी. टोकाच्या गोलाईवर बाहेरची एक सूत आणि आतली त्याहून किंचित कमी. गळ्याच्या शिलाईत कॉलरची माया दोन सूत आणि कुर्त्याची दीड सूत. नियम एकच लक्षात ठेवावा: अंगावर बाहेरून दिसणाऱ्या थराला जी माया चिकटून बसते ती सर्वांत रुंद. ती आतल्या पायऱ्या झाकते. उलटे केले तर पायरी बाहेर उमटते. ब्रोकेडसारखे धागे सुटणारे कापड असेल तर माया फार कमी करू नये. गळ्याला आधी चिकटणाऱ्या बक्रमची पातळ पट्टी लावून मगच कात्री चालवावी.

कामाचा क्रम असा ठेवावा. टीप मारली की कॉलर न उलटवता तशीच सपाट इस्त्री करावी, म्हणजे टाके कापडात बसतात. मग थर कमी करावेत, मग खाचा, आणि सर्वांत शेवटी उलटवणे. टोक काढायला कात्रीची अणी वापरू नये, बांबूची बोथट काडी वापरावी.

बिनकॉलरच्या गोल गळ्याला आतून पट्टी लावतात, तिथे हाच हिशोब दुप्पट होतो. माया उभी न राहता पूर्ण मागे वळते, म्हणून दोन सूत मायेलाही तीन इंचांची तूट पडते. तिथे कुर्त्याला आणि पट्टीला दोन्हींना काप लागतात. पण दोन्ही थरांचे काप एकावर एक येऊ देऊ नयेत, आड-आड द्यावेत. एकाच जागी दोन्ही कापले तर तिथली शिलाई कमजोर होते आणि बाहेरून खळगाही दिसतो.

माल बांधण्याआधी तपासणी सोपी आहे. कॉलर मधोमध दुमडून दोन्ही टोके एकमेकांवर ठेवावीत. गोलाई जुळली पाहिजे. गळ्यापासून खाली किरणांसारख्या चुण्या दिसल्या तर काप कमी किंवा उथळ आहेत. गळा कोनेदार दिसला तर काप लांब-लांब आहेत. टोकाला बोटांनी दाबून गाठ लागली तर माया रुंद राहिली आहे. कडेने उठाव रेघ दिसली तर थर कमी केलेले नाहीत.

परत आलेल्या त्या ४० कुर्त्यांना एकेक कॉलर उसवून पुन्हा लावायला अर्धा तास लागला. माया कमी करणे, काप आणि खाचा हे सगळे शिवतानाच केले असते तर कॉलरमागे चार मिनिटे गेली असती. आता आमच्याकडे कोणताही लॉट सुरू करताना पहिली कॉलर पूर्ण करून, इस्त्री करून टेबलावर ठेवतो. ती सर्व कारागिरांनी पाहिल्यावरच दुसरी मशीनखाली जाते.