कॅल्शियमची गोळी खरी कितीला पडते?

पाकिटावर ठळक छापलेला १२५० मिग्रॅ हा आकडा बहुधा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५०० मिग्रॅ. बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल कॅल्शियम’पुढे असतो तोच आकडा धरायचा.

समजा, डॉक्टरांनी रोज ५०० मिग्रॅ कॅल्शियम सांगितलंय. ब्रँडेड पंधरा गोळ्यांची स्ट्रिप १२० रुपयांना, गोळीत ५०० मिग्रॅ. रोजचा खर्च ८ रुपये. जेनेरिक दहा गोळ्या ३० रुपयांना, पण गोळीत २५० मिग्रॅच. दोन घ्याव्या लागतात, म्हणजे ६ रुपये. स्वस्त आहेच, पण स्ट्रिपची किंमत पाहून वाटतं तितकं नाही.

सायट्रेटमध्ये कॅल्शियम जेमतेम २१ टक्के, म्हणून गोळ्या जास्त लागतात. मात्र ते उपाशीपोटीही चालतं, कार्बोनेट जेवणासोबतच घ्यावं. किमतींची तुलना करताना डी-३ दोन्ही गोळ्यांत सारखं आहे ना, तेही पाहा.