साबणावर ‘पीएच ५.५’ लिहिलंय? मग तो साबण नाहीच!

आजचा एपिसोड आंघोळीवर आहे. हसू नका, विषय घरातूनच आलाय.

आई गावाहून माझ्याकडे राहायला आली. आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. महिन्याभरात आईच्या नडग्या इतक्या कोरड्या झाल्या, की नख फिरवलं तरी पांढरी रेघ उमटायची. रात्री खाजेने झोप नाही. मेडिकलवाल्याने ‘पीएच ५.५’ लिहिलेली वडी दिली, नेहमीच्या साबणाच्या चौपट किमतीची. आई म्हणाली, “अरे, फेस येणार तो येणारच, मग एवढे पैसे कशाचे?” प्रश्न बरोबर होता. म्हणून मी वाचायला बसलो.

आधी पीएच म्हणजे काय ते बघू. पदार्थ आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, ते सांगणारा हा आकडा. शुद्ध पाणी ७, त्याखाली आम्ल, वर अल्क. आपल्या त्वचेचा वरचा थर साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो. साबणाचं पाणी ९ ते १० च्या घरात. इथे एक गंमत आहे. ही मोजपट्टी साधी नाही, प्रत्येक पायरीला दहापट फरक पडतो. म्हणजे ५ आणि १० यात दुप्पट नाही, तर एक लाख पटींचा फरक आहे.

मग कंपन्या साबणाचाच पीएच खाली का आणत नाहीत? कारण तसं करताच येत नाही. तेल आणि कॉस्टिक सोडा यांची क्रिया होऊन साबण बनतो. त्यात आम्ल घालून पीएच ५.५ वर आणला, की साबण मोडतो आणि त्यातली स्निग्ध आम्लं वेगळी होतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, फेसही देत नाहीत. म्हणून खरंच ५.५ असलेली वडी साबणाची असूच शकत नाही. तिला सिंडेट म्हणतात, म्हणजे सिंथेटिक डिटर्जंटची वडी.

हे घरी तपासता येतं. मी दोन ग्लासांत आरओचं पाणी घेतलं. एकात साबणाचा कीस, दुसऱ्यात त्या महागड्या वडीचा. दोन्ही ढवळून फेस आणला आणि प्रत्येकात अर्धं लिंबू पिळलं. साबणाचं पाणी दुधाळ झालं, कण तरंगायला लागले आणि फेस बसला. दुसऱ्या ग्लासातला फेस तसाच राहिला. आई म्हणाली, “म्हणजे फसवलं नाही त्याने!”

पाकीट वाचूनही कळतं. सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नलेट ही नावं सुरुवातीला असतील तर साबण. सोडियम कोकोइल आयसेथिओनेट पहिलं असेल तर सिंडेट. काही वड्यांत दोन्ही मिसळलेलं असतं, त्यांचा पीएच मधे कुठेतरी येतो. नुसत्या ‘बेदिंग बार’ शब्दावर जाऊ नका, कमी टीएफएमच्या साबणावरही तेच लिहितात. टीएफएम म्हणजे साबणात स्निग्धांश किती. त्यावरून पीएच कळत नाही.

बोअरच्या पाण्याचा मुद्दा वेगळा. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चिकट साका बनवतं. तो बादलीला लागतो तसाच अंगालाही लागतो. सिंडेटचा असा साका होत नाही. आमच्या घरात बहुतेक हाच फरक मोठा होता.

आता बॉडी वॉश. तो बहुतेक वेळा सिंडेटचाच पातळ भाऊ असतो. पण पीएच ५.५ असला म्हणून सौम्य असेलच असं नाही. त्यातला मुख्य घटक कडक असेल, तर आम्लधर्मी बॉडी वॉशही त्वचेतलं तेल ओढून काढतो. शिवाय बाटलीतून हात सैल सुटतो, गरजेपेक्षा जास्त ओतलं जातं. सुगंधाने खाज वाढणाऱ्यांनी ‘फ्रेग्रन्स’ हा शब्द बघून घ्यावा.

मग सगळ्यांनी साबण सोडायचा का? नाही. निरोगी त्वचा साबणानंतर काही तासांत आपला पीएच परत मिळवते. तुमची त्वचा तक्रार करत नसेल, तर साधा साबण चालू द्या. कोरडी त्वचा, एक्झिमा किंवा जड पाणी असेल, तर सिंडेटचे पैसे वसूल होतात.

आईचं काय झालं? डीबगिंगचा नियम पाळला, एका वेळी एकच बदल. पहिले दोन आठवडे फक्त वडी बदलली: पांढरी रेघ कमी झाली, खाज राहिली. मग कडकडीत पाण्याऐवजी कोमट पाणी, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. तेव्हा कुठे ती रात्रभर झोपली. तुमच्याकडे मात्र भेगा, चट्टे किंवा पाणी सुटत असेल, तर वड्या बदलत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आज आंघोळीला जाल तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!