तांब्याची मान आणि पोट

अतिशुद्ध तांब्याचा स्फटिक द्रव हेलियमने एक-दोन केल्विनपर्यंत थंड करायचा आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवायचे. स्फटिकाचे चुंबकन सरळ न वाढता बारीक हेलकावे खाते. 1930 साली लायडनला द हास आणि व्हान आल्फेन यांना हे प्रथम बिस्मथमध्ये दिसले.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन गोल फिरतात आणि त्यांच्या कक्षांना ठरावीक आकारमानेच मिळतात. क्षेत्र वाढले की एकेक कक्षा फर्मी पृष्ठभागातून, म्हणजे संवेगाच्या अवकाशातील भरलेल्या व रिकाम्या अवस्थांच्या सीमेतून, बाहेर पडते. प्रत्येक वेळी एक हेलकावा. आलेख क्षेत्राच्या व्यस्तांकावर काढला तर हेलकावे समान अंतरावर येतात, आणि ऑन्सागरने 1952 मध्ये दाखवले, की त्यांची वारंवारता क्षेत्राला लंब असलेल्या सर्वांत मोठ्या किंवा लहान छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते.

तांब्यात क्षेत्र घनाच्या कर्णाच्या दिशेने लावले की दोन वारंवारता मिळतात: सुमारे 58,000 टेस्ला आणि 2,170 टेस्ला. पहिली पृष्ठभागाच्या फुगीर पोटाची, दुसरी शेजारच्या पोटाला जोडणाऱ्या मानेची. म्हणजे पोटाचा छेद मानेच्या सुमारे 27 पट. 10 टेस्लापाशी पोटाचे दोन हेलकावे जेमतेम 0.0017 टेस्ला अंतरावर येतात. क्षेत्र तेवढेही डळमळले तर ते पुसले जातात. उष्णता आणि अशुद्धीही तेच करतात. शिवाय हाती येते ते फक्त क्षेत्रफळ. आकार हवा असेल तर स्फटिक थोडा थोडा वळवून पुन्हा मोजत बसावे लागते.