कॉम्बो पाठ होत नाहीत? मग हे गेम घ्या

दिवाळीत शहाद्याला भाचा म्हणाला, "मामा, लढायला मजा येते, पण बटणं पाठच होत नाहीत." त्याला मी 'डाइवकिक' लावून दिला.

२०१३ चा हा गेम फक्त दोन बटणांवर चालतो. एकाने उंच उडी, दुसऱ्याने हवेतून तिरकी लाथ. जमिनीवर लाथेचं बटण दाबलं की मागे उडी. एक फटका बसला की राउंड संपला, पाच राउंड जिंकणारा विजयी. सगळा खेळ अंतराचा.

भाचा आधी उडी मारली की लगेच लाथ मारायचा. ती माझ्या पुढ्यात पडायची आणि मी त्याला टिपायचो. थोडं थांबायला शिकला, तसा जिंकायला लागला.

पुढची पायरी 'स्ट्रीट फायटर ६'. त्यात 'मॉडर्न' कंट्रोल निवडा. रियूचं हादोकेन एका बटणावर निघतं, पुढची दिशा धरून तेच बटण दाबलं की शोर्युकेन. मात्र असा सोपा फटका २० टक्के कमी लागतो. शोर्युकेन अडवलं गेलं तर तुम्ही उघडे पडता, म्हणून समोरचा उडी मारून आला तरच वापरा.

आधी 'स्ट्रीट फायटर ६'चा मोफत डेमो खेळून बघा. तुमच्याकडे कोणता लॅपटॉप किंवा कन्सोल आहे ते कमेंटमध्ये लिहा, त्यावर काय चालेल ते सांगतो.