सर, उत्तर मराठीत दिलं तर चालेल का?

जालन्यात मी काही वर्षं एका बियाणे कंपनीसाठी फील्ड ऑफिसरच्या मुलाखती घेतल्या. परतूर तालुक्यातला, बीएस्सी ॲग्री झालेला एक मुलगा समोर बसला होता. हैदराबादहून आलेल्या मॅनेजरांनी इंग्रजीत विचारलं, सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकऱ्याचा फोन आला, तर काय करशील? ‘सर, आय विल व्हिजिट द फार्मर अँड सॉल्व्ह हिज प्रॉब्लेम,’ एवढं बोलून मुलगा थांबला. कसं सोडवशील, असं विचारल्यावर तेच वाक्य परत आलं. मॅनेजरांनी कागदावर १० पैकी ३ गुण लिहिले.

मी तोच प्रश्न मराठीत विचारला. मुलगा खुर्चीत पुढे सरकला. ‘आधी पावती, पिशवी आणि लेबल जपून ठेवा म्हणून सांगीन. मग वावरात जाऊन तास उकरीन. बी कोरडंच असलं तर ओल कमी पडली. कुजलं असलं तर पेरणीवर जोराचा पाऊस झाला का, बी ४ सेंटीमीटरच्या खाली गेलं का, ते बघीन. त्याच लॉटचं बी शेजारी कुणी पेरलं असेल तर तिथंही जाईन. तिथंही विरळ दिसलं, तर खोट बियाण्यात असू शकते.’ मी भाषांतर करून सांगितलं आणि मॅनेजरांनी ३ वर काट मारली.

त्या दिवशी मराठीत विचारणारं कुणीतरी पॅनेलवर होतं, हा निव्वळ योग. बहुतेक मुलामुलींच्या वाट्याला तो येत नाही. म्हणून भाषेचा प्रश्न उमेदवारानं स्वतः काढावा, आणि तो मुलाखतीच्या आधी काढावा, असं मला अनुभवानं वाटतं.

यात हक्क किती आणि विनंती किती, ते आधी पाहू. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीत देता येते. स्टेट बँकेत क्लार्कच्या भरतीत तर उलट आहे. तिथं ज्या राज्यातली जागा, तिथली भाषा यावीच लागते, आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर ती भाषा नसेल तर तिची वेगळी चाचणी होते. खासगी कंपनीनं मुलाखत अमुक भाषेत घ्यावी, असं मात्र कुठला कायदा सांगत नाही. तिथं ही विनंतीच असते, आणि ती कामाच्या आधारानं केली तर टिकते.

पहिला फोन येतो तो एचआरकडून. मुलाखतीचा दिवस, वेळ, ठिकाण सांगायला. विचारायची जागा ती. पॅनेलवर कोण बसणार हे त्या वेळी बहुधा ठरलेलं असतं, क्वचित बदलताही येतं. मुलाखत सुरू झाल्यावर, तिसऱ्या प्रश्नाला अडखळून ‘मराठीत बोलू का’ म्हटलं, तर समोरच्याला ती सबब वाटते. तीच गोष्ट दोन दिवस आधी सांगितली, तर तयारीचा भाग वाटते.

सुरुवात साध्या चौकशीनं करावी: ‘मॅडम, मुलाखत कोण घेणार आहे आणि कुठल्या भाषेत होईल?’ कितीदा तरी उत्तर येतं, ‘कोई भी चलेगा’, आणि विषय तिथंच मिटतो. इंग्रजी म्हणाल्या, तर पुढचं बोलावं. मी मुलांना साधारण असं सांगतो: ‘या कामात रोज शेतकरी आणि दुकानदारांशी मराठीत बोलायचं आहे. शेतातले प्रश्न मी मराठीत नीट समजावून सांगू शकतो. त्या प्रश्नांची उत्तरं मराठीत किंवा हिंदीत दिली तर चालतील का? रिपोर्ट आणि मेल मी इंग्रजीत लिहितो, त्याची चाचणी जरूर घ्या.’ फोन हैदराबादहून असेल तर हेच हिंदीत बोलावं. होकार मिळाला की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकावा, कारण फोनवरचा होकार पॅनेलपर्यंत पोचतोच असं नाही.

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावतो. मराठी मागणाऱ्याला इंग्रजी अजिबात येत नाही, अशी शंका एचआरला लगेच येते. फील्ड ऑफिसरला रोजचा रिपोर्ट भरावा लागतो, एक्सेलमध्ये विक्रीचे आकडे टाकावे लागतात, वरून आलेला मेल वाचावा लागतो. तेवढं येत नसेल तर येतं म्हणून सांगू नये, ते पहिल्याच महिन्यात उघडं पडतं.

हिंदी मागताना थोडं थांबून विचार करावा. हैदराबाद किंवा अहमदाबादच्या पॅनेलला मराठी कळत नाही, म्हणून मुलं पटकन हिंदी म्हणतात. पण सिनेमा समजणं निराळं आणि बियाण्याची तक्रार हिंदीत समजावणं निराळं. ‘वावर’, ‘वाफसा’, ‘पाभर’ यांना हिंदीत काय म्हणायचं, तिथं जीभ अडते, आणि एका परक्या भाषेतून सुटून मुलगा दुसरीत अडकतो. घरी कुणापुढे दहा मिनिटं हिंदीत आपलं काम सांगून बघावं. अडखळायला झालं तर उत्तरं मराठीत आणि भाषांतराला तिथला एखादा स्थानिक अधिकारी, अशी विनंती करावी. कंपनीचा एरिया मॅनेजर बहुधा मराठीच असतो.

मराठीची तयारीही करावी लागते, हे मुलांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. बीएस्सी ॲग्रीचं शिक्षण इंग्रजीत होतं. ‘जर्मिनेशन पर्सेंटेज’ पाठ असतं, पण शेतकऱ्याला कसं सांगशील म्हटलं की गप्प. एका मुलीनं मात्र मला फार छान सांगितलं होतं: ‘घरच्या सोयाबीनचे सरसकट १०० दाणे मोजून घ्या, निवडून चांगलेच घेऊ नका. ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. आठवड्यानं उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ७० किंवा जास्त भरले तर एकरी ३० किलो पेरा. थोडे कमी भरले तर त्या मानानं बियाणं वाढवा, फारच कमी भरले तर ते पेरूच नका.’ तिनं ‘उगवणशक्ती’ हा एकच तांत्रिक शब्द वापरला, आणि तोही पिशवीच्या लेबलवर छापलेला असतो म्हणून. आपल्या कामातल्या अशा पाच-सहा गोष्टी गावातल्या माणसाला मोठ्यानं सांगून पाहिल्या, की कुठं अडतंय ते कळतं.

नकारही येतो. तो कशासाठी आला, ते विचारून घ्यावं. पॅनेलवरचा एकजण फक्त इंग्रजी जाणतो, असं कारण असेल, तर मराठीतलं उत्तर दुसऱ्यानं सांगितलं तर चालेल का, एवढं विचारता येतं. पुढे बढती मिळाल्यावर दर महिन्याला दुसऱ्या राज्यांतल्या लोकांपुढे इंग्रजीत आढावा मांडायचा आहे, असं उत्तर आलं, तर ती कामाचीच गरज आहे. मग इंग्रजीतच जावं, पण छोटी वाक्यं करून, आणि शेतातले शब्द मराठीत ठेवून त्यांचा अर्थ सांगत. ‘वाफसा’ म्हणून पुढे ‘सॉइल इज मॉइस्ट, बट नॉट वेट’ म्हटलेलं मी ऐकलंय. पॅनेलनं तो शब्द लिहून घेतला होता.

परतूरचा मुलगा निवडला गेला. रुजू होण्याआधी त्याला मॅनेजरांनी एक मेल लिहायला दिला: एका दुकानदाराकडे ४० पिशव्या कमी पोचल्या आहेत, गोदामाला कळवा. त्यानं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. एका क्रियापदाचा काळ चुकला होता. लॉट नंबर, बिलाची तारीख आणि पिशव्यांचा आकडा बरोबर होता.